मास्टर पासवर्ड विसरलात तर: फाइल, कोड की माणूस?

कित्येक महिने पासवर्ड मॅनेजरचं व्हॉल्ट, म्हणजे सगळे पासवर्ड ठेवायची तिजोरी, बोटाच्या ठशावर उघडत होतो, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर मास्टर पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तो आठवेचना. फोनवर व्हॉल्ट उघडत होतं म्हणून सुटलो असं वाटलं, पण एक्स्पोर्ट करायला गेलो तर तिथेही मास्टर पासवर्डच हवा. दोन संध्याकाळी एकेक नोंद हाताने उतरवली आणि खातं मिटवून नव्याने सुरुवात केली. (मॅनेजर कुठला ते सोडा, पासवर्ड विसरलो तो मी.) त्यानंतर तीन मॅनेजरांतले पर्याय पाहिले.

कीपासएक्ससीमध्ये सगळं तुमच्या फाइलीत असतं, सोडवायला मागे कोणी नाही. मात्र अर्धवट विसरलेल्याला ती जरा दयाळू आहे, कारण स्वतःच्या फाइलीवर कितीही वेळा प्रयत्न करता येतो. समजा शब्द पक्के आठवतात, फक्त शेवटचे चार आकडे आठवत नाहीत. मग शक्यता 10,000. फाइल उघडायला मुद्दाम सेकंदभर लागेल अशी ठेवलेली असते, म्हणजे स्क्रिप्टने पावणेतीन तासांत सगळ्या तपासून होतात. पूर्णच विसरला असाल तर फाइल गेली म्हणायची.

वनपासवर्डचा रिकव्हरी कोड सगळ्यात सुटसुटीत वाटला. आधी बनवून ठेवायचा, गरज पडली की टाकायचा, नवा पासवर्ड ठरवायचा, नोंदी जागच्या जागी. पण कोडबरोबर तुमच्या ईमेलवरही पडताळणी होते, आणि माझ्या ईमेलचा पासवर्ड कुठे? व्हॉल्टमध्येच! किल्ली कपाटात ठेवून कपाट लावण्यातला प्रकार. ईमेलचा पासवर्ड कोडाशेजारी कागदावर लिहिला की प्रश्न मिटतो, हे कबूल. पण मी ईमेलचा पासवर्ड बदलला की तो कागद बदलायला विसरणार, याची मला खात्री आहे.

म्हणून माझा कल बिटवॉर्डनच्या आपत्कालीन प्रवेशाकडे, म्हणजे भरवशाचा माणूस आधीच नेमून ठेवण्याकडे. त्यासाठी तुमच्याकडे पैसे भरलेलं खातं लागतं, समोरच्याचं फुकटचं चालतं. कंपनीला तुमचा पासवर्ड माहीत नसतोच. होतं इतकंच की व्हॉल्ट उघडणाऱ्या तुमच्या किल्लीची एक प्रत त्या माणसाच्या किल्लीने कुलूपबंद करून ठेवली जाते. त्याने विनंती केली आणि ठरवलेली मुदत संपेपर्यंत तुम्ही नकार दिला नाही, की त्याला व्हॉल्ट दिसतं. ईमेलचा पासवर्डही त्यातच, त्यामुळे वरचं त्रांगडं सुटतं. मी बहिणीला नेमलं आणि मुदत सात दिवसांची ठेवली. एकटे राहणाऱ्याला किंवा कोणावरच एवढा भरवसा नसणाऱ्याला कदाचित कोडच बरा.

एक मात्र बघा. आमंत्रण पाठवलं, समोरच्याने स्वीकारलं, तरी काम झालेलं नसतं. त्यानंतर तुम्हाला परत आत जाऊन पक्कं करावं लागतं, कारण किल्लीची प्रत तेव्हाच तयार होते. माझ्या बहिणीने त्याच दिवशी स्वीकारलं होतं, मी मात्र तीन आठवड्यांनी पक्कं केलं. त्या तीन आठवड्यांत पुन्हा विसरलो असतो, तर तिलाही काही करता आलं नसतं.