‘आवडणारा कोण?’ : भूमिकांची वही आठ महिने वापरून

जूनमध्ये सुरू केली, आता फेब्रुवारी संपत आलाय. बेळगावात शहापूरला माझ्या घरच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी कन्नड बोलणाऱ्यांना मराठी शिकवते. एक नर्स आहे, बँकेतले दोघं आहेत, कापडदुकानात काम करणारा एक मुलगा आहे. आधीची सहा वर्षं मी शाळेतल्या व्याकरणावर भागवलं. कर्ता, कर्म, प्रयोग, विभक्ती. या वेळी ते बाजूला ठेवून ‘भूमिकां’वर वर्ग चालवून बघितला.

शाळेचं व्याकरण का सोडलं, ते आधी सांगते. कर्ता ओळखायची जी युक्ती आपण सगळे शिकलो, धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण?’ विचारा, तिच्यावर मागच्या वर्षी माझी फजिती झाली. ‘मला आंबा आवडतो.’ आवडणारा कोण? आंबा. म्हणजे आंबा कर्ता. बँकेतल्या एकाने शांतपणे विचारलं, “मॅडम, मग आंबा काय करतो?” उत्तर नव्हतं. आंबा काहीच करत नाही, आणि मीही काही करत नाही. मला फक्त काहीतरी होतं.

भूमिकांच्या पद्धतीत प्रश्नच बदलतो. क्रियापद एक प्रसंग सांगतं, आणि त्या प्रसंगात कोणकोण लागतं ते क्रियापद ठरवतं. मुद्दाम काही करणारा असेल तर एजंट. ज्याच्यावर ते घडतं, ज्याच्यात बदल होतो, तो पेशंट. ज्याच्या मनात किंवा अंगात काही जाणवतं, तो एक्सपिरिएन्सर. पहिल्याच दिवशी नर्स हसली. तिच्या वॉर्डात पेशंट म्हणजे खाटेवरचा माणूस, आणि एजंट म्हणजे विमा विकणारा. म्हणून वहीत मी साधे शब्द घातले : करणारा, सोसणारा, अनुभवणारा. जोडीला ‘मिळवणारा’ आणि ‘साधन’.

वही म्हणजे लांबट रजिस्टर. एका पानावर एक क्रियापद. त्याखाली त्याला लागणाऱ्या भूमिका, आणि प्रत्येक भूमिकेसमोर वर्तमानात कुठला प्रत्यय आणि भूतकाळात कुठला. ‘बघणे’चं पान असं : करणारा आज नुसता (‘मुलगी बघते’), काल ‘ने’सह (‘मुलीने बघितलं’). ‘दिसणे’चं पान असं : अनुभवणारा कायम ‘ला’सह, दिसणारी वस्तू नुसती, आणि क्रियापद वस्तूच्या मागे जातं (‘मुलीला डोंगर दिसला’, ‘मुलीला नदी दिसली’). डोळे तेच, डोंगर तोच, पण क्रियापदाने मुलीची नेमणूक बदलली. खात्री करायची असेल तर हुकूम देऊन बघा. ‘बघ!’ म्हणता येतं, ‘दिस!’ म्हणता येत नाही. किंवा ‘मुद्दाम’ घालून बघा. ‘तिने मुद्दाम बघितलं’ ठीक, ‘तिला मुद्दाम दिसलं’ नाही.

वहीचा खरा फायदा मला ‘ला’च्या बाबतीत झाला. आपल्याला मराठीत एकच ‘ला’ ऐकू येतो. कन्नड माणसाला दोन ऐकायची सवय असते, कारण त्याच्याकडे सोसणाऱ्याला ‘अन्नु’ आणि मिळवणाऱ्या-अनुभवणाऱ्याला ‘गे’. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी फळ्यावर चार वाक्यं लिहिली : मुलाला मारलं. मुलाला खाऊ दिला. मुलाला राग आला. मुलाला भांडी घासावी लागली. आणि सगळ्यांना ‘मुलाला’ एवढाच शब्द कन्नडमध्ये म्हणायला सांगितला. पहिल्याला सगळे ‘हुडुगनन्नु’ म्हणाले. दुसऱ्याला, तिसऱ्याला ‘हुडुगनिगे’. तिथवर त्यांची भाषाच माझ्या वतीनं शिकवत होती. ‘मला राग आला’ला ‘ननगे सिट्टु बंतु’, ‘मला मराठी येतं’ला ‘ननगे मराठी बरुत्तदे’, ‘मला पाहिजे’ला ‘ननगे बेकु’. अनुभवणाऱ्याचा ‘ला’ या मंडळींना शिकवावाच लागत नाही.

चौथ्या वाक्यापाशी अडलं. कापडदुकानातला मुलगा म्हणाला, “हुडुग.” नुसता, प्रत्ययाशिवाय. बरोबरच होतं. कन्नडमध्ये ‘नानु होगबेकायितु’, म्हणजे शब्दश: ‘मी जावं लागलं’. आणि हेच वाक्य तो मराठीतही तसंच बोलत होता, मी दोन महिने ते खोडत होते आणि कारण मला सांगता येत नव्हतं. भांडी घासणारा मुलगा हाडाचा करणारा आहे. त्याच्यावर ‘ला’ येतो तो ‘लागणे’मुळे, ‘घासणे’मुळे नाही. वहीत ‘लागणे’चं वेगळं पान झालं आणि ती चूक तीन आठवड्यांत गेली. याच कारणासाठी भिंतीवर ‘ला म्हणजे अनुभवणारा’ असा तक्ता लावायचा मोह मी आवरला. प्रत्यय ही भूमिकेची खूण नव्हे. क्रियापद मधे पडून ठरवतं.

तरी ‘मुलाला राग आला’मध्ये खरा मालक कोण, हे भांडण उरतंच. क्रियापद रागाच्या मागे जातं. राग आला, दया आली. शाळेच्या युक्तीनेही येणारा राग. पण वाक्य थोडं लांबवा : ‘ते ऐकून त्याला आपली चूक कळली.’ ऐकलं कोणी? त्यानेच. ‘आपली’ म्हणजे कोणाची? त्याचीच. ‘ऐकून’ आणि ‘आपली’ दोन्ही ‘त्याला’कडे बोट दाखवतात, क्रियापदाचं लिंग मात्र चुकीकडे. अनुभवणारा अर्धा कर्ता आहे, हे मला इथं पटलं. पाणिनीनेही या माणसाला वेगळा ओळखला होता. ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’, म्हणजे आवडण्याच्या अर्थाच्या धातूंशी ज्याला आवडतं तो संप्रदान, देणंघेणं करताना ज्याला मिळतं त्याच्याच रांगेत. १९६८ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी भूमिकांची यादी केली तेव्हा त्यांनीही सुरुवातीला असं जाणवणाऱ्या जिवाला ‘डेटिव्ह’ म्हणजे मिळवणाऱ्याच्याच खणात टाकलं होतं. ‘एक्सपिरिएन्सर’ हा खण नंतरचा.

आता करणाऱ्याचा ‘ने’. कन्नडमध्ये त्याला जोडच नाही. भूतकाळातही करणारा नुसताच राहतो आणि क्रियापद त्याच्याच मागे जातं : ‘नानु चपाति तिंदे’. म्हणून इथं बाजारात ‘मी काम केलो’ सर्रास कानावर पडतं. माझ्या वर्गातलीही पहिली चूक तीच. करणारा आणि सोसणारा दोन्ही असतील तर काल करणाऱ्याला ‘ने’ लावा, सोसणाऱ्यामागे क्रियापद न्या, असा नियम दिला, आणि पुढच्याच आठवड्यात नर्सने वॉर्डातल्या नोंदीचा सराव आणला : ‘पेशंटने गोळी घेतली. पेशंटने चक्कर आली. पेशंटने उलटी झाली.’ गोळी घेणं बरोबर. चक्कर ‘येते’, पेशंट अनुभवणारा, म्हणून ‘पेशंटला’. उलटीला दोन पानं लागली : ‘उलटी करणे’ला करणारा, म्हणून ‘पेशंटने उलटी केली’. ‘उलटी होणे’ला अनुभवणारा, म्हणून ‘पेशंटला उलटी झाली’. प्रसंग एक, क्रियापदं दोन.

साधनालाही ‘ने’च लागतो, आणि तिथं गोंधळ वाढतो. ‘पेशंटने गोळी घेतली’ आणि ‘गोळीने झोप आली’, दोन्हीकडे ‘ने’. यावर वर्गात सापडलेला तोडगा मला फार आवडला : वाक्य वर्तमानात न्या. ‘पेशंट गोळी घेतो.’ ‘ने’ गळाला, म्हणजे तो करणाऱ्याचा होता. ‘गोळीने झोप येते.’ ‘ने’ चिकटून राहिला, म्हणजे तो साधनाचा किंवा कारणाचा. ‘वाऱ्याने पत्रा उडाला’ आणि ‘वाऱ्याने पत्रा उडवला’ हीच जोडी घ्या. ‘वाऱ्याने पत्रा उडतो’, पण ‘वारा पत्रा उडवतो’. पावसाळ्यात आमच्या गल्लीत उदाहरणं फुकट मिळतात.

आता तक्रारी. पहिली, काही क्रियापदं नियमाला धाब्यावर बसवतात. ‘ती साडी नेसली’, ‘तो मराठी शिकला’, ‘मी छत्री विसरले’, ‘ते रस्ता चुकले’, ‘ती सामना जिंकली’. कर्म आहे, तरी काल ‘ने’ नाही. एक कारण मी वर्गात सांगते : नेसणारीवरच साडी येते, शिकणाराच शिकून बदलतो, म्हणजे करणारा थोडा सोसणाराही आहे. साडीला आणि शिकण्याला हे बसतं. जिंकण्याला ओढूनताणूनच बसतं. शेवटी ही क्रियापदं लाल शाईने एका पानावर लिहून पाठ करायला लावली. वहीची इथं हार आहे, लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी तक्रार मोठी. भूमिका नेमक्या किती, यावर वही उघडली की वाद. ‘घाबरणे’चं पान मी चार वेळा खोडलं. ‘मी घाबरले’मध्ये अनुभवणारी नुसती उभी आहे. ‘मला भीती वाटली’मध्ये ‘ला’ घेऊन. ‘कुत्र्याने मला घाबरवलं’मध्ये ती चक्क कर्माच्या जागी. अनुभव एकच, खुर्च्या तीन. बेलेट्टी आणि रिझ्झी या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये इटालियन क्रियापदांचे असेच तीन गट मांडले, म्हणजे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. पण तो कुत्रा कोण? त्याने मुद्दाम घाबरवलं असेल तर करणारा. तो नुसता झोपेत गुरगुरला असेल तर कारण. वाक्य दोन्हीकडे तेच. १९९१ मध्ये भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड डाउटी यांनी यावर सुचवलं की खण सोडा, लक्षणं मोजा : इच्छा आहे का, जाणीव आहे का, घटना त्याच्यामुळे घडते का, तो हलतो का. ज्याच्याकडे अशी लक्षणं जास्त तो कर्त्याच्या जागी जातो. सोसणाऱ्याचीही अशीच वेगळी लक्षणं. नोव्हेंबरपासून मी कठीण पानांवर भूमिकेचं नाव लिहायचं सोडलं आणि लक्षणांपुढे टिकल्या मारायला लागले. पानं घाण दिसतात, पण भांडणं कमी झाली. वर्गाला मात्र नाव हवंच असतं. टिकल्या पाठ होत नाहीत.

वर्गाबाहेर वापर? लहान मुलांना देऊ नका, ती कानानेच शिकतात. घरी कन्नड आणि कामावर मराठी असलेल्या मोठ्या माणसांना चालते. जून ते फेब्रुवारीत एकशे नव्वदेक पानं भरली, त्यातली तीसेक अजून पेन्सिलीत आहेत.

परवा नर्सने नवं पान मागितलं. तिची म्हातारी पेशंट म्हणाली होती, “मला आता जिना चढवत नाही.” चढणारी म्हातारीच, म्हणजे करणारी. पण करता येत नाही, हे जाणवतंय तिलाच, म्हणून ‘ला’. ‘चढवणे’च्या पानावर लिहायचं की ‘चढणे’च्या? मी ‘चढणे’खाली पेन्सिलीने लिहिलं, बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. नर्स म्हणाली, “मॅडम, तिला विचारू का?” उद्या ड्यूटी आहे तिची.