अख्खं पान की एकेक रकाना?

इंदूरला मावशीच्या वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेतलं बिघाडांचं तीन रकान्यांचं पान फोटोतून तक्त्यात आणायचं होतं. अख्ख्या फोटोतून मजकूर उचलला तर काम मिनिटात होतं, पण ओळी आडव्या वाचल्या जातात आणि कारणाच्या अर्ध्या वाक्याला शेजारचा उपाय चिकटतो. लक्षण, कारण, उपाय असे रकाने वेगळे कापले तर वाक्यं शाबूत राहतात. वेळ जातो, तरी मी हेच करेन. फक्त एका लक्षणाला दोन कारणं असली की ओळी घसरतात, म्हणून लक्षण पुन्हा लिहायचं:

| लक्षण | कारण | उपाय |
|---|---|---|
| पाणी जात नाही | पाइप मुडपला | सरळ करा |
| पाणी जात नाही | फिल्टर तुंबला | फिल्टर काढून धुवा |

पानावरचा बिघाडाचा कोड `OE` मात्र दोन्ही पद्धतींत `0E` झाला, म्हणजे O अक्षराचं शून्य. कोड फोटोशी ताडूनच घ्या.