पिल्लाच्या कार्डाचा फोटो: मेडिकलमध्ये वाचून घ्यावा की दवाखान्याला फोन करावा?

पिल्लू घरी येतं तेव्हा पुष्कळदा त्याचं कार्ड येत नाही, कार्डाचा फोटो येतो. आमचा मोती असाच आला. इचलकरंजीच्या मावसभावाला घरमालकानं कुत्रं ठेवू दिलं नाही, म्हणून जूनच्या शेवटी तो मोतीला आमच्याकडं कोल्हापुरात राजारामपुरीत सोडून गेला. कार्ड आणायला विसरला. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आले: एक लसीच्या कार्डाच्या आतल्या पानाचा, दुसरा पायाच्या जखमेसाठी तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीचा. "कार्ड सापडलं की देतो," म्हणाला. अजून सापडलेलं नाही.

असा फोटो हातात आला की आपल्यासमोर दोन वाटा असतात. गल्लीतल्या मेडिकलमध्ये मोबाईल पुढं करायचा, नाहीतर ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडून, निदान दुसऱ्या जनावरांच्या डॉक्टरांकडून, वाचून घ्यायचं. मी दोन्ही केलं, आणि दुर्दैवानं त्याच क्रमानं.

मेडिकलचं आधी बोलतो, कारण त्याची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. डॉक्टरी अक्षर वाचण्यात त्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. मला जे मांजरानं शाई सांडल्यासारखं दिसत होतं, ते त्यानं फोटो मोठा करून दोन सेकंदांत वाचलं. "अमॉक्सीक्लॅव हाय भावा, ड्राय सिरप. एक एमएल, दिवसातनं दोन टाइम, सात दिवस." बरोबर होतं. दुकान रात्री साडेदहापर्यंत उघडं, वाचायचे पैसे नाहीत, आणि सुई नसलेली सिरिंज त्यानं न मागता दिली. जनावरांचा दवाखाना म्हणजे दुपारी बंद, संध्याकाळी गर्दी, आणि फोन उचलेल त्याचं नशीब. चिठ्ठीत नुसती गोळी असेल, गोळीचा मिलिग्रॅम आकडा स्वच्छ दिसत असेल, तर मेडिकलवर मी आजही जाईन.

अडचण आली ती 'एक एमएल' या दोन शब्दांत. एमएल हे माप आहे, औषध नाही. त्या एका एमएलमध्ये औषध किती, हे बाटलीवर ठरतं. माणसांच्या लहान मुलांसाठी मिळणारं हे ड्राय सिरप मुख्यतः दोन ताकदीत येतं: पाच एमएलमध्ये 228.5 मिलिग्रॅम, आणि पाच एमएलमध्ये 457 मिलिग्रॅम. खोकं जवळपास सारखं, नावापुढं फारतर 'फोर्ट' किंवा 'डीएस' असं शेपूट. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात 228 लिहिलं होतं. फोटोत तिथं भावाचा अंगठा होता.

हिशेब नंतर कळला, तो असा. मोती तेव्हा 3.6 किलोचा. या औषधासाठी कुत्र्याला सर्वसाधारणपणे किलोला 12.5 मिलिग्रॅम एका वेळी धरतात, म्हणजे 45 मिलिग्रॅम. 228.5 च्या बाटलीत एका एमएलला 45.7 मिलिग्रॅम येतात, म्हणून डॉक्टरांनी सरळ एक एमएल लिहिलं. मेडिकलवाल्याकडं 457 ची बाटली होती, त्यानं तीच दिली. तिच्या एका एमएलला 91 मिलिग्रॅम. वाचन शंभर टक्के बरोबर, आणि मोतीच्या पोटात दुप्पट औषध.

तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले. ते दुप्पट मात्रेनंच लागले असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, योग्य मात्रेतही या औषधानं पोट बिघडतं. पण घाबरून मी इचलकरंजीच्या दवाखान्याला फोन लावला. नंबरसाठी भावाकडून पहिल्या डॉक्टरांच्या पावतीचा फोटो मागवावा लागला, कारण कार्डाच्या बाहेरच्या पानाचा फोटो त्यानं काढलाच नव्हता. फोन चौथ्या वेळी लागला. सहायकानं जखम, जेवण काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न हा: "बाटलीवर नंबर कितीचा हाय बघा की." मी 457 म्हणालो. तो थांबला, डॉक्टरांना विचारून आला. पुढचे डोस अर्धा एमएल, आणि दह्याचा भात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोती पुन्हा चपला चावायला लागला.

माझ्यापुरता निकाल त्या एका प्रश्नानं लागला. मेडिकलवाला कागदावर आहे ते वाचतो. दवाखान्यातला माणूस कागदावर काय नाही तेही विचारतो, कारण जनावराचं औषध वजनावर चालतं हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. मेडिकलवाल्याचा यात दोष काढावा असं मला वाटत नाही. त्याच्या दुकानात ते सिरप रोज मुलांसाठी जातं, आणि फोटोत अंगठा माझ्या भावाचा होता.

याच चिठ्ठीत जंताच्या औषधापुढं 'एसआयडी' आणि तीन दिवस असं होतं. दिवसातून एकदा याला जनावरांचे डॉक्टर असं लिहितात. माणसांच्या चिठ्ठीवर ही अक्षरं सहसा नसतात, तिथं 'ओडी' असतं. मेडिकलवाल्यानं ते 'बीआयडी' वाचलं, म्हणजे दोनदा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्यानं अक्षरं फुटलेली, एस आणि बी मध्ये तसा फरक राहिलाच नव्हता. तो डोस मी अजून चालू केला नव्हता म्हणून वाचलो. फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तसा पाठवला की तो दाबून लहान होत नाही. दशांश चिन्हाचा ठिपका तर साध्या फोटोत सगळ्यात आधी उडतो, आणि अर्ध्याचे पाच होतात.

आता लसीच्या पानाकडं येऊ. इथं मेडिकलचा फारसा उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर आपलाही नाही. पान दिसतं सोपं: तारीख, चिकटवलेलं स्टिकर, सही. मोतीच्या पानावर 2 जूनला एक स्टिकर, 24 जूनला दोन, आणि खाली पेनानं 15/7. मी हिशेब केला, तीन सुया झाल्या, कोर्स संपला, 15 जुलैला काहीतरी किरकोळ असेल. मेडिकलवाला स्टिकरवरची तारीख वाचून म्हणाला, "पुढच्या वर्षीपर्यंत काळजी नाही."

दोघंही चुकलो. त्यानं वाचलेली तारीख लसीच्या बाटलीची एक्सपायरी होती. स्टिकर बाटलीवरूनच काढून लावतात, त्यावर लशीचं नाव, बॅच नंबर आणि बाटली कधीपर्यंत चांगली एवढंच असतं. पुढची सुई कधी, हे स्टिकर कधीच सांगत नाही, ते डॉक्टरांच्या पेनात असतं. आणि 24 जूनची दोन स्टिकरं म्हणजे दोन सुया नव्हेत. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेची लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते, ती लेप्टोच्या पातळ लशीत विरघळवून एकाच सुईनं देता येते. दोन बाटल्या, दोन स्टिकरं, टोचणं एकदाच. कधी दुसरं स्टिकर नुसत्या विरघळवायच्या पाण्याचं असतं, त्यात लस नसतेच. म्हणजे मोतीच्या झालेल्या सुया दोन.

हेही मला फोनवर त्याच सहायकानं सांगितलं. मी पानावरची प्रत्येक ओळ वाचून दाखवत गेलो, तो प्रत्येक ओळीला "हां" किंवा "न्हाई, ते तसं न्हाई" म्हणत गेला. मोतीचा जन्म एप्रिलच्या मध्याचा. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तीच लशीला कामाला लागू देत नाही. ती नेमकी कधी उतरते हे पिल्लागणिक बदलतं, म्हणून एकच लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा देतात, आणि शेवटची सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर पडायला हवी. 24 जूनला मोती दहा आठवड्यांचा. 15 जुलैला तेरा, त्या दिवशी पुढची सुई आणि रेबीजची पहिली. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक. मी ठरवल्याप्रमाणे गप्प बसलो असतो तर शेवटची सुई दहाव्या आठवड्याचीच राहिली असती, आणि आमच्या गल्लीत पार्व्होनं पिल्लं गेलेली मी पाहिली आहेत.

तुम्ही माझ्या जागी असाल तर दवाखान्याच्या वाटेतला त्रासही मोजून घ्या. मला चार वेळा फोन लावावा लागला. कुणाला दवाखान्यात जाऊन नवा केस पेपर काढावा लागेल. परगावच्या डॉक्टरांनी फोनवर बोलायला नकार दिला तर तोही त्यांचा हक्क आहे. अशा वेळी फोटो घेऊन इथल्याच जनावरांच्या डॉक्टरांकडं जावं, पिल्लू सोबत न्यावं म्हणजे वजन तिथंच होतं. महिन्याभरात पिल्लाचं वजन दीडपटही होतं, त्यामुळं जुन्या चिठ्ठीतला एमएल पुढच्या वेळी चालेलच असं नाही. रविवारी रात्री डोस द्यायचाच असेल आणि कुणी भेटत नसेल तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या, पण त्याला पिल्लाचं वजन सांगा, बाटलीवरचा आकडा मोठ्यानं वाचून घ्या, आणि चिठ्ठीत तो आकडा दिसत नसेल तर सकाळपर्यंत थांबता येतं का ते बघा. माझ्या समजुतीप्रमाणं बहुतेक जखमांना एक रात्र थांबता येतं.

मी आता शंभर पानी वही केली आहे. डाव्या पानावर फोटोत जे दिसतं ते जसंच्या तसं, न कळलेल्या जागी मोकळी चौकट. उजव्या पानावर दवाखान्यानं सांगितलेलं: तारीख, वजन, बाटलीचा आकडा, मग एमएल. 15 जुलैची सुई बिंदू चौकाजवळच्या दवाखान्यात झाली. तिथल्या डॉक्टरांनी नवं कार्ड दिलं आणि जुन्या फोटोवरून आधीच्या दोन सुयांच्या तारखा त्यात लिहून घेतल्या, स्टिकरच्या जागा मात्र कोऱ्याच राहिल्या. मेडिकलवाल्याला मी बाटलीचा किस्सा सांगितला. परवा शेजारच्या मुलीच्या मांजराची चिठ्ठी घेऊन गेलो, तर फोटो बघायच्या आधी त्यानं विचारलं, "वजन किती हाय?"