एआयच्या मसुद्यातून दादांचा आवाज परत काढणं: सात महिन्यांचा अनुभव

आमच्या फर्निचरच्या कारखान्यातली ग्राहकांची सगळी पत्रं आणि मेसेज मी लिहिते, पण ती जातात मालकांच्या नावाने. त्यांना सगळे दादाच म्हणतात. दादा फोनवर तीन वाक्यांत काय सांगायचं ते सांगतात, मी ते एआयला देऊन मसुदा घेते, तो सुधारते आणि पाठवते. सात महिन्यांपूर्वी एका जुन्या ग्राहकाने दादांना फोन करून विचारलं, "तुम्ही माणूस बदललात का? मेसेज परका वाटला." त्या दिवसापासून मसुदा सुधारण्याची एक पद्धत बसवत आले. हा अनुभव त्या पद्धतीचा आहे.

सुरुवातीला मी शब्दांची यादी केली. 'सुनिश्चित', 'कटिबद्ध', 'महत्त्वपूर्ण', 'च्या माध्यमातून', 'अविस्मरणीय' असे शब्द दिसले की बदलायचे. महिनाभर हे केलं आणि फारसा फरक पडला नाही. 'महत्त्वपूर्ण'च्या जागी 'महत्त्वाचं' आलं तरी वाक्य तसंच परकं राहायचं, कारण परकेपणा वाक्याच्या बांधणीत होता. यादी अजून ठेवली आहे, पण ती शेवटी वापरते.

खरा फरक पडला तो एका उशिराच्या मेसेजमुळे. एका ग्राहकाची दोन कपाटं गुरुवारी द्यायची होती आणि बिजागऱ्या चुकीच्या मापाच्या आल्या होत्या. मसुदा असा आला:

"हा संदेश आपल्याला सुस्थितीत मिळेल अशी आशा आहे. आपणास कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणांमुळे वितरण प्रक्रियेत किंचित विलंब झालेला आहे. ग्राहकांचे समाधान ही आमच्यासाठी केवळ जबाबदारी नसून ती आमची बांधिलकी आहे. लवकरात लवकर सर्वोत्तम सेवा सुनिश्चित करण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. आपल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार."

मी यातली माहिती अधोरेखित करायला घेतली. काय, कधी, किती, कशामुळे, कोणी. 'विलंब' एवढ्या एका शब्दाखेरीज काहीच हाती लागलं नाही. कपाट हा शब्दसुद्धा नव्हता. माझ्या लक्षात आलं की दादांनी फोनवर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी मी मसुद्यासाठी एकच दिली होती, आणि बाकीची जागा सजावटीने भरून निघाली होती. तेव्हापासून मसुद्याला हात लावण्याआधी मी माहिती बाजूला लिहून काढते आणि ती मसुद्यात आहे का ते बघते. ती घातली की निम्मी सजावट आपोआप गळते. बुधवार लिहिला की 'लवकरात लवकर' ठेवायचं कारणच उरत नाही.

दुसरी पायरी क्रियापदांची. फाइलमध्ये मी `ण्यात ये` आणि `ण्यात आ` शोधते. 'कळविण्यात येते', 'करण्यात येईल', 'पाठविण्यात आले' हे सगळे त्यात सापडतात. (नुसतं `ण्यात` शोधलं तर 'पाण्यात'ही सापडतं, म्हणून पुढचं अक्षर हवंच.) प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: हे कोण करणार? उत्तर आलं की 'करण्यात येईल'चं 'मी करतो' किंवा 'आमचा मुलगा येऊन बसवेल' होतं. मग `नसून` शोधते, कारण 'केवळ अमुक नसून तमुक' ही रचना मसुद्यांत फार वेळा येते आणि दादा तसं बोलल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. अशा वाक्याचा पहिला अर्धा भाग पुसला की दुसरा बहुतेक वेळा एकटा उभा राहतो. बांधिलकीच्या वाक्याचं तर दोन्ही अर्ध्यांत काही उरलं नाही, म्हणून ते पूर्ण काढलं.

यानंतर मेसेज असा झाला:

"साहेब, नमस्कार. कपाटं गुरुवारी येत नाहीत. बिजागऱ्या चुकीच्या मापाच्या आल्या, त्या आल्या तेव्हाच मी तपासायला हव्या होत्या. नव्या सोमवारी मिळतील, बसवायला दोन दिवस. बुधवारी संध्याकाळी दोन्ही कपाटं तुमच्याकडे पोचतील. बाकी काम पूर्ण झालंय, तेवढी वाट बघा."

यातलं 'तेवढी' महत्त्वाचं आहे. मराठीत माणसाचा सूर अशा छोट्या शब्दांत असतो: च, तर, ना, जरा, मात्र, तेवढं. मसुद्यात हेच सगळ्यात आधी नाहीसे होतात, कारण त्यांच्याशिवायही वाक्य शुद्ध राहतं. दादांनी स्वतः टाइप केलेले चाळीसेक जुने मेसेज मी एका फाइलमध्ये ठेवले आहेत. त्यात ते 'जरा' आणि 'तेवढं' सतत वापरतात, 'ना' जवळपास नाहीच, आणि 'आपण' न म्हणता 'तुम्ही' म्हणतात. ते 'झालं', 'केलं' लिहितात, 'झाले', 'केले' नाही. मसुदा बहुतेक वेळा या दोन्हींची भेसळ करतो, एका वाक्यात 'झालं' आणि पुढच्यात 'करावे'. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

इथेच मी चुकलेही. दुसऱ्या महिन्यात मी हे शब्द मुद्दाम पेरू लागले, एका मेसेजमध्ये तीन 'जरा'. दादांनी वाचून सांगितलं, "मी असा बोलतो का गं?" सवय हुबेहूब उचलली तर नक्कल होते. आता एका मेसेजमध्ये असा एखादाच शब्द ठेवते, तोही वाक्याला लागला तर.

दुसरी चूक याहून मोठी होती. फुलोरा म्हणजे काढायचाच, असं धरून मी त्यांच्या पत्राच्या शेवटचं 'कळावे, लोभ असावा' काढून टाकलं. एका वयस्कर ग्राहकाला ते पत्र तुटक वाटलं आणि दादा रागावले, बरोबरच होतं. ही ओळ मसुद्यातून आलेली नव्हती, ती दादांची स्वतःची होती, चाळीस मेसेजपैकी कागदी पत्रांसारखे जे होते त्या सगळ्यांत होती. म्हणून आता शब्द फुलोऱ्याचा आहे का हे मी विचारत नाही, तो त्या फाइलमध्ये सापडतो का ते बघते. सापडला तर राहतो, कितीही जुन्या वळणाचा असला तरी.

शेवटी मोठ्याने वाचायचं, आणि शक्य असेल तर दादांनीच. जिथे ते अडखळतात तिथे मी खूण करते. त्यांना कारण विचारत नाही, फक्त "हे तुम्ही कसं सांगाल?" एवढंच विचारते आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं उतरवते. सुरुवातीला एका मेसेजला मला अर्धा तास लागायचा, आता दहाएक मिनिटं पुरतात. साध्या दोन ओळींच्या निरोपासाठी मी मसुदा घेणंच सोडलं, तो साफ करण्यापेक्षा लिहिणं लवकर होतं.

ही पद्धत सगळीकडे मी लावत नाही. करारनामा, नोटीस किंवा कार्यालयीन अर्जात 'कळविण्यात येते' योग्यच असतं, कारण तिथे एक माणूस बोलत नसतो. आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर मी मसुदा घेत नाही. मागच्या महिन्यात तसा प्रसंग आला. दादांनी फोनवर दोन वाक्यं सांगितली, मी ती लिहिली, त्यांना वाचून दाखवली आणि तशीच पाठवली.