बंगळुरूच्या भावासाठी राखी: कुंदनची डबी की चपटी रेशमी?

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, राखी पौर्णिमा २८ ऑगस्टला शुक्रवारी आहे. भाऊ दुसऱ्या शहरात असेल, तर ऑनलाइन राखी निवडताना फोटोपेक्षा खालच्या चार ओळी जास्त महत्त्वाच्या: नक्षी, दोऱ्याची लांबी, पॅकिंग आणि पाठवणीची शेवटची तारीख. पुण्याहून बंगळुरूला राखी पाठवायची आहे असं धरून हमखास दिसणाऱ्या दोन प्रकारच्या राख्या शेजारी ठेवून बघू.

पहिलीचं वर्णन असं: कुंदन आणि मोत्यांचं साडेचार सेंमीचं फूल, एकूण लांबी २२ सेंमी, कुंकू-अक्षतांसह डबीत, २० ऑगस्टपर्यंत ऑर्डर द्या. दुसरी: मीनाकारीचं तीन सेंमीचं चपटं पदक, रेशमी दोरा दोन्ही बाजूंनी १५-१५ सेंमी, जाड कार्डावर अडकवलेली, १७ ऑगस्टपर्यंत रवाना.

फोटोत पहिली उजवी दिसते, त्यात वाद नाही. पण दोऱ्याचा हिशेब करा. भावाचं मनगट १७ सेंमी धरलं, तर २२ मधून पाच उरतात, म्हणजे प्रत्येक टोकाला जेमतेम अडीच. एवढ्याशा टोकांची गाठ बसत नाही. ‘एकूण लांबी’ म्हणजे फुलासकट, हे बरेच जण विसरतात. दुसरीत १५ अधिक ३ अधिक १५, म्हणजे ३३ सेंमी. मनगट वजा केलं तरी दोन्हीकडे आठ-आठ उरतात. तिथे राखी बांधणार कोण? रूममेट, नाहीतर शेजारच्या काकू, नाहीतर तो स्वतःच, एका हाताने आणि दातांनी. त्यामुळे लांब दोरा हवाच. भाऊ एकटा राहत असेल, तर दोऱ्यावर सरकता मणी असलेली राखी घ्या. ती हातात घालून मणी ओढला की झालं. वर्णनात नुसतं ‘फ्री साइझ’ लिहिलं असेल, तर विक्रेत्याकडून पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागवा. तो मिळाला नाही, तर ती राखी सोडून द्या.

पॅकिंगमध्ये मात्र निकाल उलटू शकतो. कुंदन नुसतं चिकटवलेलं असतं. साध्या पाकिटातून गेलं, तर थैलीतल्या इतर टपालाखाली दाबून खडे निघतात. ते कडक डबीत, आत हलणार नाही असं बसवलेलं हवं. विक्रेता ती डबी थेट भावाच्या पत्त्यावर पाठवत असेल, तर पहिली राखी चालेल. आधी घरी मागवून, चिठ्ठी घालून आपण पोस्टात टाकणार असू, तर दुसरीच बरी. पत्र आणि कार्डासकट ती ५० ग्रॅमच्या आत बसते आणि तेवढ्या वजनाला परगावचं स्पीड पोस्ट ४७ रुपये अधिक जीएसटी पडतं. डबी त्यापुढे जाते आणि मग दर अंतराप्रमाणे वाढतो. पाऊस असतोच, म्हणून पोस्टात मिळणारं दहा रुपयांचं वॉटरप्रूफ राखी पाकीट घ्या. कुंकवाची पुडी मात्र वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. ओल लागली की सगळ्यात आधी रेशमी दोराच रंगतो.

आता तारीख. ‘ऑर्डर द्या’ आणि ‘रवाना’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या विक्रेत्याने २० तारखेला, गुरुवारी, ऑर्डर घेतली आणि बांधायला दोन दिवस लावले, तर डबी शनिवारी निघणार. मध्ये रविवार, त्याच आठवड्यात चंद्रदर्शनाप्रमाणे ईद-ए-मिलादची सुट्टी. बंगळुरूपर्यंत एखाद वेळी निभावेल. ईशान्येकडच्या किंवा आडगावच्या पिनकोडला मी ही जोखीम घेणार नाही. दुसऱ्याची १७ तारीख, सोमवार, खरी रवानगीची आहे आणि म्हणून भरवशाची.

घरी मागवून पुढे पाठवायचं असेल, तर उलट मोजा. राखी २४ ला पोचायला हवी, प्रवासाला पाच दिवस आणि मधला रविवार धरला, तर १८ ला पोस्टात पडायला हवी. त्याआधी १५ ऑगस्ट शनिवारी आणि लगेच रविवार, म्हणजे ती १४ तारखेलाच घरी यायला हवी. विक्रेता चार-पाच दिवस घेत असेल, तर ऑर्डर ८-९ ऑगस्टलाच द्या.

एवढं सगळं बघून मी चपटी रेशमी घेईन. भावाला भरजरी राखीच आवडत असेल, तर कुंदनची घ्या, पण दोरा ३० सेंमीच्या वर करून देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा. बरेच छोटे विक्रेते तेवढं करून देतात. पत्त्यात भावाचा मोबाइल नंबर, फ्लॅट नंबर आणि पिनकोड तपासा. तो दिवसभर घरी नसेल, तर ऑफिसचा पत्ता द्या, पण मग पाकीट शनिवार-रविवारी तिथे पोचणार नाही अशा बेतानेच टाका.