राहावं की निघावं: घोडबंदर रोडवरचा एक हिशेब

भांडणं नाहीत, व्यसन नाही, बाहेर कोणी नाही, हप्ते वेळेवर जातात आणि तरीही घरी जावंसं वाटत नाही, अशांसाठी हे लिहितोय. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर तुलना करत बसू नका. बाईमाणसाने सरळ १८१ वर फोन करावा.

राहण्याची बाजू लोक समजतात तेवढी लेचीपेची नसते. मला डेंग्यू झाला तेव्हा चार रात्री बायको हॉस्पिटलच्या बाकावर बसून होती. आईच्या गोळ्या कधी संपतात हे आजही माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे. कासारवडवलीचा फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. आपण आपसात काहीही लिहून दिलं, तरी बँकेच्या लेखी दोघंही देणेकरीच राहतात. एकाचं नाव काढायचं तर उरलेल्याच्या पगारावर कर्ज पेलतंय का, हे बँक नव्याने बघते. आमचं पेललं नाही. त्यामुळे आज मी अर्धा हप्ताही भरतो आणि भाडंही. महिनाअखेरीला हे जाणवतं.

निघण्याची बाजू मला खूप दिवस दिसतच नव्हती, कारण दोष कशाला द्यायचा तेच कळत नव्हतं. कधी वाटायचं घोडबंदरचा ट्रॅफिक, कधी वाटायचं माझी नोकरी. मग दोन महिने रोज रात्री एक ओळ लिहिली: आज कशाचा त्रास झाला, आणि परिस्थिती बदलली तर तो जाईल का. बऱ्याच ओळी जाणाऱ्यातल्या निघाल्या, तेव्हा मी राहण्याकडे झुकलोही होतो. मे महिन्यात आठ दिवस गुहागरला गेलो. ट्रॅफिक नाही, ऑफिस नाही, सासर-माहेर नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही समोरासमोर बसून आपापल्या मोबाईलमध्ये होतो. म्हणजे उरलेल्या ओळी आमच्या स्वतःच्या होत्या.

पण खरं सांगायचं तर निर्णय वहीने झाला नाही, दुधाने झाला.

आमच्यात निरोप मुलीमार्फत चालायचे. ‘बाबांना सांग’, ‘आईला विचार’. पुष्कळ घरांत चालतं, मलाही त्यात काही वाटत नव्हतं. एका संध्याकाळी मी बाथरूममध्ये होतो आणि स्वयंपाकघरातलं ऐकू आलं: “बाबांना म्हणावं, घरात दूध नाही एवढं तरी दिसतं का बघा.” दोन मिनिटांनी लेक दाराशी आली. “बाबा, आई विचारतेय, येताना दूध आणशील का? घाई नाहीये.” नऊ वर्षांची पोर. त्यानंतर मी लक्ष ठेवलं, तर माझेही निरोप ती असेच घासूनपुसून पोचवत होती. “मुलीसाठी राहतोय” असं आम्ही दोघंही म्हणत होतो आणि ती आमच्यासाठी दुभाष्याची नोकरी करत होती. मला हे सहन झालं नाही. कुणाला यात एवढं काय, असंही वाटेल. वाटू शकतं.

निघणं म्हणजे लगेच कोर्ट नव्हे, हे मला उशिरा कळलं. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोट मागायचा (कलम १३-ब) तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर साधारण सहा महिने थांबायचं. ती मुदत माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय, पण सरसकट नाही. आणि शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे कायद्यातच विचार करायला जागा ठेवलीय. मी जवळच्याच सोसायटीत वन बीएचके घेतला. अकरा महिन्यांचा करार, म्हणजे वर्षाला नेमका एक महिना कमी. एजंटची दलाली पुन्हा भरली. ते वर्ष मी परत जाता येईल अशा बेताने काढलं. गणपतीत घरी गेलो, चार दिवस राहिलो. आरती संपल्यावर आपल्या खोलीची किल्ली खिशात आहे ना, हे चाचपलं. मग दोघांनी मिळून अर्ज केला.

माझा एक मित्र अशाच घरात राहिलाय आणि बरा आहे. त्याच्या घरी ती दोघं एकमेकांशी निदान थेट तरी बोलतात. तुमच्याकडे तसं असेल तर मी घाई करणार नाही. नसेल, तर भाड्याची चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

लेक बुधवारी माझ्याकडे असते. परवा दप्तर टाकता टाकता म्हणाली, “आई म्हणालीये, शनिवारी परत उशीर केलास तर बघ.”

“अशीच म्हणाली?”

“अश्शीच.”