आठ जणांची रेड की कमीजास्त होणारा गट : एका हीलरच्या नजरेतून तुलना

पुण्यातून ऑनलाइन गेम खेळणारे माझ्या ओळखीचे बरेच जण सध्या एकाच प्रश्नावर अडले आहेत. रेडसाठी, म्हणजे गटाने मिळून बॉस नावाच्या बलाढ्य शत्रूशी लढण्यासाठी, वेळ द्यायचाच असेल, तर तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टला द्यावा की फायनल फँटसी १४ला? मी दोन्हीकडे हीलर म्हणून खेळलो आहे आणि यथावकाश एकाची निवडही केली आहे. मासिक शुल्क, चित्रांची शैली, कथानक हे विषय येथे घेत नाही. वेळेच्या गणितातही मोठा फरक नाही. युरोपातील सर्व्हर दोन्हींना आहेत, आणि तिथला रात्री आठचा रेड आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकराला, तर हिवाळ्यात साडेबाराला सुरू होतो.

बॉसचा मार स्वतःवर घेणारा टँक, उपचार करणारा हीलर आणि हल्ला करणारे डॅमेज या तीन भूमिका दोन्हीकडे आहेत. वेगळे आहे ते एवढेच, की गटातील एक जण मेला तर पुढे काय होते. आणि माझ्या मते हीलरच्या दृष्टीने बाकी सारे यावरूनच ठरते.

फायनल फँटसीत रेडचा गट आठ जणांचा असतो : दोन टँक, दोन हीलर आणि चार डॅमेज. लढतीचा क्रम जवळजवळ पूर्णपणे ठरलेला असतो. अमुक मिनिटाला टँकवर मोठा फटका येणार, त्यानंतर सर्वांवर एकत्र मार बसणार, मग प्रत्येकाने आपापल्या जागी जायचे. त्यामुळे हीलर आपले उपचार वहीत मांडून ठेवू शकतो, आणि मधल्या वेळात त्याने स्वतःही बॉसवर हल्ला करत राहावे अशी अपेक्षा असते. ही शिस्त सुंदर आहे, हे मी मनापासून मान्य करतो. टँकसाठी तर ती फारच समाधान देणारी आहे, कारण कोणता बचाव कोणत्या फटक्यासाठी राखायचा हे त्याला आधीपासून ठाऊक असते.

अडचण येते ती आठही जण जिवंत असावेच लागतात अशा टप्प्यांवर. २०२२ मध्ये आलेल्या ॲबिसॉस मालिकेच्या सॅव्हेज या अवघड पातळीवरील शेवटच्या लढतीत ‘हाय कॉन्सेप्ट’ नावाचा टप्पा आहे. त्यात बहुतेकांवर आल्फा, बीटा किंवा गॅमा यांपैकी एक खूण येते. ठरावीक जोड्यांनी आपल्या खुणा एकमेकांत मिसळायच्या आणि त्यातून जे तयार होईल त्याला जुळणाऱ्या मनोऱ्यांत उभे राहून त्यांचा मार झेलायचा. एक माणूस कमी असेल तर जोडी जमत नाही, मनोरा रिकामा राहतो आणि सगळा गट संपतो. डॅमेजचे गणितही तितकेच काटेकोर असते. याच लढतीतील बॉसचे एकूण आरोग्य किंचित जास्त ठरल्याचे निर्मात्यांनी नंतर मान्य केले आणि ते सुमारे १ टक्क्याने कमी केले. एका टक्क्याने फरक पडावा इतका हा हिशेब घट्ट बसवलेला असतो.

आता वॉरक्राफ्टकडे वळू. तिथली मांडणी समजायला २००९ मध्ये आलेल्या आइसक्राउन सिटाडेलमधील डेथब्रिंगर सॉरफँगची लढत मला आजही सर्वांत सोयीची वाटते. या बॉसकडे ‘ब्लड पॉवर’ नावाची एक पट्टी असते आणि त्याच्या विशिष्ट हल्ल्यांनी कोणालाही इजा झाली की ती भरत जाते. टँकवर ‘रून ऑफ ब्लड’ आला असताना बॉसने त्याला मारले तर बॉसच बरा होतो, म्हणून दुसऱ्या टँकने लगेच टाँट करून त्याला आपल्याकडे ओढायचे. अधूनमधून ‘ब्लड बीस्ट’ नावाचे प्राणी येतात. त्यांनी कोणाला चावण्याआधी लांबून मारा करणाऱ्यांनी त्यांना संपवायचे, कारण प्रत्येक चाव्याने तीच पट्टी भरते. पट्टी पूर्ण भरली की एका खेळाडूवर कायमची खूण येते, आणि त्यानंतर बॉसने टँकला मारलेल्या प्रत्येक फटक्याबरोबर या खेळाडूलाही इजा होत राहते. त्याला शेवटपर्यंत जगवणे हे हीलरचे काम. तो मेलाच, तर साध्या पातळीवर बॉसला ५ टक्के आरोग्य परत मिळते.

टँकने टाँटला उशीर केला, डॅमेजवाल्यांनी प्राणी मोकळे सोडले किंवा हीलर कमी पडला, तर त्याची किंमत मोजावी लागते. पण ती ५ टक्क्यांच्या हिशेबात मोजली जाते, लगेच संपूर्ण प्रयत्न वाया जात नाही. वेळेआधी दोन-तीन खुणा जमल्या की लढत हाताबाहेर चालली आहे हे कळते, आणि तरीही झुंजायला जागा उरते.

माझा निर्णय ज्या एका त्रासाने झाला, तो याच ठिकाणचा आहे. पुण्यात वळवाच्या पावसात वीज क्षणभर जाऊन येते, राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो, आणि तेवढ्यात गटातील एक माणूस लढतीतून नाहीसा होतो. फायनल फँटसीत मेलेल्याला उठवण्याची विद्या हीलरकडे मुबलक असते. त्यासाठी मंत्रशक्तीच्या १०,००० पैकी २,४०० एमपी लागतात आणि उठलेला काही काळ दुबळा राहतो, एवढेच. पण पुढच्या मनोऱ्यांना आठवा माणूस नसेल तर त्या विद्येचा काहीच उपयोग होत नाही. सातव्या मिनिटापर्यंत उत्तम चाललेला प्रयत्न एका राउटरमुळे संपतो आणि सर्वांना पहिल्या सेकंदापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा हीलर म्हणून हातात उपचार असूनही करण्यासारखे काही उरत नाही, ही भावना मला फार जड गेली.

वॉरक्राफ्टमध्ये चित्र उलटे आहे. लढत चालू असताना मेलेल्याला उठवण्याची संधी तिथे दुर्मीळ आहे. ती पूर्ण गटात मिळून वापरायची असते. वीस जणांच्या गटाला सुरुवातीला एक संधी मिळते आणि पुढची साडेचार मिनिटांनी तयार होते. तरीही तिचा खरा उपयोग होतो, कारण उठलेला माणूस लढतीला पुन्हा हातभार लावू शकतो, आणि तो नसतानाच्या दोन मिनिटांत उरलेले हीलर जास्तीचा भार बहुधा पेलू शकतात. शिवाय नॉर्मल आणि हिरॉइक पातळीवर १० ते ३० कितीही जण चालतात आणि बॉसची ताकद त्यानुसार बदलते. कोथरूडचे दोघे ऑफिसात अडकले म्हणून रेड रद्द करावी लागत नाही.

याला मर्यादा आहेत. टँक दहा जणांतही साधारण दोनच लागतात आणि तीस जणांतही दोनच. त्यामुळे टँकची वीज गेली तर इथेही प्रयत्न बहुधा संपतोच. मिथिक या सर्वांत कठीण पातळीवर बरोबर वीस जण लागतात आणि अनेक लढतींत एका चुकीने सगळे संपतात, म्हणजे फायनल फँटसीतलाच त्रास, शिवाय बारा जास्त माणसे जमवण्याचे काम. माझा कल हिरॉइकपुरताच आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

तुमच्याकडे ठरलेल्या वेळी न चुकता येणारे आठ जण असतील, घरी इन्व्हर्टरवर राउटर चालत असेल आणि टँकची भूमिका आवडत असेल, तर फायनल फँटसी निवडण्यात काहीही गैर नाही. तिथे एकाच पात्राला सर्व भूमिका शिकता येतात, ही सोयही लहान नाही. हीलर व्हायचे असेल आणि गटातील माणसे कमीजास्त होणार असतील, तर मात्र मी वॉरक्राफ्टचा हिरॉइक रेड सुचवेन. पहिले पात्र घेताना पॅलाडिन, मंक किंवा ड्रुइड घ्यावा. हे तिघेही गरज पडल्यास टँक होऊ शकतात, आणि दुसरा टँक आलाच नाही तर त्या रात्री गटाला त्याचीच गरज असते.